मूत्रपिंड बिघडलं की रक्त का कमी होतं?

डायलिसिसवरच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन आठवर येतं, तेव्हा घरचे बीट-डाळिंबाच्या मागे लागतात. खरी उणीव बहुधा एरिथ्रोपोएटिनची असते. रक्तातला प्राणवायू घटला की निरोगी मूत्रपिंड हे संप्रेरक सोडतं.

अस्थिमज्जेतल्या एकाच मूळपेशीपासून सगळ्या रक्तपेशी होतात. पण एरिथ्रोपोएटिन त्या मूळपेशीला हुकूम देत नाही. तांबड्या पेशींच्या वाटेला आधीच लागलेल्या कोवळ्या पेशींना ते मरणापासून वाचवतं. वाचलेल्या पेशी विभागत जातात, हिमोग्लोबिन भरून घेतात, शेवटी केंद्रकच बाहेर टाकतात आणि रक्तात उतरतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींसाठी जी-सीएसएफ आणि प्लेटलेटसाठी मुख्यतः यकृतातलं थ्रॉम्बोपोएटिन असतं.

म्हणून रुग्णाला एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन देतात. आठवडाभरात रेटिक्युलोसाइट, म्हणजे नवख्या तांबड्या पेशी, वाढलेल्या दिसतात. हिमोग्लोबिन चढायला मात्र काही आठवडे जातात. चढलंच नाही, तर डोस वाढवण्याआधी फेरिटिन तपासावं, कारण लोहाशिवाय हिमोग्लोबिन बनत नाही. आणि तेरा-चौदापर्यंत नेण्याचा हट्टही नको: त्यात पक्षाघाताचा, गुठळ्यांचा धोका वाढतो.