गळती कुठून होते, हे नोटिशीत ठरवू नका

हाउसिंग सोसायटीतली बहुतेक भांडणं सभेत पेटतात असं आपण मानतो. पण जुन्या नोटिसा आणि इतिवृत्तांची वही चाळली, तर ठिणगी बऱ्याचदा सभेच्या दोन आठवडे आधी, जिन्याखालच्या फलकावर पडलेली दिसते. एखाद्या विषयाच्या मांडणीतच कुणीतरी आरोपी ठरलेला असतो. मग तो माणूस सभेला येतो तो स्वतःचा बचाव करायला, आणि मूळ विषय बाजूला राहतो.

मजल्यांमधली गळती हा यातला सगळ्यात नेहमीचा विषय, म्हणून तोच घेऊ. समजा, २४ सदनिकांची इमारत आहे आणि २०२च्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे. वर ३०२ आहे. सचिव नोटिशीत लिहितात : ‘विषय ४ : सदनिका ३०२च्या सभासदांच्या निष्काळजीपणामुळे २०२मध्ये होणाऱ्या गळतीबाबत कारवाई करणे.’

या ओळीत अपमान आहेच, पण त्याहून मोठी अडचण अशी की, ती चुकीचीही असू शकते. बाथरूमच्या छताला येणारी ओल वरच्या घराच्या फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमधून येऊ शकते, नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून येऊ शकते, भिंतीत गाडलेल्या नळातून येऊ शकते किंवा डक्टमधल्या सामाईक सांडपाण्याच्या पाइपातूनही येऊ शकते. कारण कोणतं, यावर पैसे कुणी द्यायचे ते ठरतं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि पावसाच्या पाण्याची गळती ही संस्थेची जबाबदारी. घरातल्या संडास-बाथरूम, सिंकमुळे होणारी गळती त्या सदनिकाधारकाने स्वखर्चाने दुरुस्त करायची. म्हणजे ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहिताना सचिवांनी तपासणीआधीच बिल कुणाच्या नावावर फाडायचं तेही ठरवून टाकलं.

हाच विषय असा लिहिता येतो : ‘विषय ४ : सदनिका २०२च्या बाथरूमच्या छताला दिसणाऱ्या ओलीचे कारण तपासण्यासाठी प्लंबर नेमणे, तपासणीच्या खर्चास मंजुरी देणे आणि कारण कळल्यावर दुरुस्ती कोणी व किती दिवसांत करायची, हे ठरवणे. प्लंबरची दरपत्रके सोबत जोडली आहेत.’ इथे दिसणारी गोष्ट लिहिली आहे, तिचा अर्थ लावलेला नाही. ३०२चा उल्लेखच नाही, कारण अजून तो लागत नाही. शिवाय सभेत नक्की काय मंजूर करायचं आहे, ते वाचणाऱ्याला कळतं. ‘गळतीबाबत चर्चा करणे’ असं लिहिणारी नोटीस कुणाला दुखावत नाही, पण सभासदाला विचार करून यायला काहीच देत नाही. सर्वसाधारण सभेच्या नोटिशीसाठी उपविधींनी पूर्ण १४ दिवस दिले आहेत ते यासाठीच. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत असा खर्चाचा मामला घुसवणं तर अगदीच चुकीचं.

आता इतिवृत्त. इथे बहुतेक सचिव दोन टोकांपैकी एकाकडे जातात. एक टोक कथाकथनाचं : ‘३०२च्या सभासदांनी वारंवार सांगूनही दाद दिली नाही, सभेत आवाज चढवून हुज्जत घातली, शेवटी समज देण्यात आली.’ दुसरं टोक अतिसभ्यतेचं : ‘सविस्तर चर्चेअंती गळतीबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी असे सर्वानुमते ठरले.’ पहिल्याने माणूस दुखावतो हे उघड आहे. माझ्या मते दुसरं वाक्य जास्त घातक आहे, कारण ते निरुपद्रवी वाटतं. ‘करण्यात यावी’ म्हटलं की कोणी करावी, हे लिहावं लागत नाही. तीन महिन्यांनी ओल वाढते, २०२वाले कमिटीला विचारतात, कमिटी ३०२कडे बोट दाखवते, आणि ज्या सभ्यतेसाठी नाव गाळलं तीच आता तिघांत भांडण लावते.

म्हणून मी एक फरक काटेकोरपणे पाळावा असं सांगेन. कारणाबद्दल लिहिताना वाक्यात माणूस नको. ओल, पाइप, सांधा हेच कर्ते असू देत. कामाबद्दल लिहिताना मात्र कर्ता, तारीख आणि पैसा तिन्ही हवेत. आपल्या उदाहरणातल्या सभेला १८ सभासद हजर आहेत. गणपूर्ती दोन तृतीयांश किंवा २० यांपैकी जी संख्या कमी ती, म्हणजे इथे १६. ती झाली आहे. ठराव असा होईल :

‘ठराव ४ : सदनिका २०२च्या बाथरूमच्या छतावरील ओलीची तपासणी सचिवांनी १० ऑगस्टपर्यंत करून घ्यावी. खर्च ६,००० रुपयांपर्यंत संस्थेच्या दुरुस्ती निधीतून होईल. तपासणीसाठी ३०२च्या सभासद आपले बाथरूम दोन दिवस उपलब्ध करून देतील. अहवालाची प्रत सचिव दोन्ही सदनिकांना दोन दिवसांत देतील. कारण सामाईक पाइपात आढळल्यास संस्था ३० दिवसांत दुरुस्ती करील. कारण ३०२च्या अंतर्गत भागात आढळल्यास तेथील सभासद अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती करतील. बाजूने १५, विरोधात २, तटस्थ १. ठराव बहुमताने मंजूर.’ खाली सूचक आणि अनुमोदक.

दोन दिवस कशासाठी? प्लंबर नहाणी बंद करून फरशीवर रंग मिसळलेलं पाणी साठवतो, ते साधारण २४ तास ठेवतो आणि खाली रंग उतरतो का ते पाहतो. नळाचा संशय असेल तर त्या घराचा व्हॉल्व्ह काही काळ बंद ठेवून ओल कमी होते का, हे बघतात. हे ठरावात लिहायची गरज नाही, पण सभेत समजावून सांगितलं की वरच्या घरातल्या बाईंना आपल्याला कठड्यात उभं केलंय असं वाटत नाही.

विरोध करणाऱ्या दोघांचं काय? त्यातल्या एकाचं म्हणणं होतं की, तपासणीचा खर्चही ३०२नेच द्यावा. इतिवृत्तात ‘हट्ट धरला’ किंवा ‘आडमुठी भूमिका घेतली’ नको. ‘तपासणीचा खर्च सदनिका ३०२ने करावा, असे मत एका सभासदाने मांडले’ एवढं पुरे. त्यांनी स्वतः विरोध नावानिशी नोंदवायला सांगितला, तर नाव लिहावं. आणि १५-२-१ अशी मतं पडली असताना ‘सर्वानुमते’ लिहू नये. वाद पुढे सहकार न्यायालयात गेला, तर ही वही पुरावा म्हणून वाचली जाते; तिथे ‘आडमुठी’ हा शब्द लिहिणाऱ्याचाच कल दाखवतो.

समजा अहवाल आला आणि सांधा ३०२च्या नहाणीचाच निघाला. आता मात्र आडपडदा नको. ‘तपासणी अहवालानुसार ओल सदनिका ३०२च्या नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून येत आहे. ठराव ४नुसार दुरुस्ती १२ सप्टेंबरपर्यंत पूर्ण करावी, ही विनंती.’ हे पत्र त्या घरी द्यायचं. फलकावर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचं कारण नाही. थकबाकीचंही तसंच. सभेच्या विषयात ‘सहा सदनिकांकडून येणे रकमेच्या वसुलीची पद्धत ठरवणे’, आणि प्रत्येकाला रकमेसह वेगळं पत्र.

शेवटचा मुद्दा मसुद्याचा. आदर्श उपविधींनुसार कमिटीने सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा तीन महिन्यांत तयार करून तो ठरल्यापासून १५ दिवसांत सभासदांना द्यायचा असतो, आणि सभासदांना त्यावर म्हणणं कळवायला १५ दिवस मिळतात. माझा आग्रह आहे की, ज्याच्या घराचा उल्लेख आहे त्याच्याकडे मसुद्याची प्रत हाती द्यावी आणि फक्त एवढंच विचारावं : यात घडलं नाही असं काही लिहिलंय का? ३०२मधून उत्तर आलं की ‘३० दिवस मला मान्य नव्हते’, तर ठरावातला मजकूर बदलता येत नाही, कारण सभेने तोच मंजूर केला. पण ‘मुदत ६० दिवस असावी, असे मत मांडले गेले’ हे वाक्य राहून गेलं असेल, तर कमिटीने ते पुढच्या बैठकीत घालावं आणि मगच इतिवृत्त वहीत चढवावं.