दादा, कुलूप पैशाला लाव

प्रिय दादा,

वहिनीने तुझ्या पगाराच्या खात्याचं स्टेटमेंट मला पाठवलं आहे. तिच्यावर चिडू नकोस. घराच्या कर्जाचा हप्ता परत गेला, ती सहकर्जदार आहे, म्हणून बँकेने फोन तिला केला. मी ते ओळ न ओळ वाचलं. पगार जमा झाला त्याच संध्याकाळी 500 रुपये कुठल्याशा ट्रेडर्सला गेलेत, नंतर 1,000 एका मोबाइलच्या दुकानाला, 2,000 कुणा बाईंच्या नावावर. सामना साडेअकराच्या सुमारास संपला असणार. पण 4,000, 8,000 आणि 16,000 या मोठ्या रकमा रात्री एकनंतरच्या आहेत. म्हणजे क्रिकेट केव्हाच संपलं होतं आणि तू त्याच आयडीवर अ‍ॅव्हिएटर नाहीतर तीन पत्ती खेळत बसला होतास. मॅच संपते, अ‍ॅप संपत नाही.

रिकव्हरीचा तुझा हिशोबही या आकड्यांत दिसतो. हरलं की दुप्पट लावायचं, एकदा जिंकलं की सगळं वसूल. सहा डाव ओळीने हरलास तेव्हा 31,500 गेले. सातवा डाव 32,000 चा. तो जिंकला असतास तरी आधीचं वजा जाता हातात पडले असते 500 रुपये. तेवढ्यासाठी तू हप्ता पणाला लावलास.

सोडतो, असं तू आईला सांगितलंस आणि सांगताना ते खरंच होतं, हे मी मानते. अडचण अशी की शब्द देतो सकाळचा माणूस आणि तो पाळायचा असतो रात्री एक वाजताच्या माणसाने, ज्याच्या डोक्यात फक्त गेलेले पैसे असतात. म्हणून सकाळच्या माणसाने रात्रीच्याचे हात आधीच बांधून ठेवायचे. इथे ब्रिटनमध्ये त्याची सरकारमान्य सोय आहे, तिला सेल्फ-एक्स्क्लुजन म्हणतात. गॅमस्टॉप नावाची एक मोफत नोंदवही आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल आणि फोन नंबर देऊन सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं असा काळ निवडायचा. साधारण चोवीस तासांत देशातल्या प्रत्येक परवानाधारक ऑनलाइन बेटिंग कंपनीचं दार बंद. मार्च 2020 अखेरपासून या कंपन्यांना तिथे सामील होणं सक्तीचं आहे. खरी गंमत पुढे आहे. एकदा नोंद केली की मुदत संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही, कितीही विनवण्या करा. मुदत संपली तरी बंदी आपोआप उठत नाही. ती उठवा असं स्वतः सांगावं लागतं आणि त्यानंतरही एक दिवस थांबावं लागतं. काही बँका जुगाराचे व्यवहार अडवण्याचं बटण देतात. ते बंद करायचं म्हटलं तर 48 तास थांबायला लावतात. सगळा भर या थांबण्यावर आहे. हुक्की तेवढा वेळ टिकत नाही.

या व्यवस्थेला एक भोक आहे. परवाना नसलेल्या परदेशी साइट्स त्या नोंदवहीत नाहीत आणि त्या तशीच जाहिरात करून गिऱ्हाइकं ओढतात. तुझ्यासाठी मला हेच महत्त्वाचं वाटतं, कारण तुझ्या फोनवर आता उरलंय ते सगळं त्याच जातीचं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा मोठ्या फँटसी अ‍ॅपांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. त्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे मदत मागायला घाबरू नकोस. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आयडी देणारा तुझा माणूस कुठल्याच कायद्याला जुमानत नाही. त्याला ‘माझं खातं बंद कर’ म्हणालास तर तो बोनस देईल. भारतात गॅमस्टॉपसारखी नोंदवही नाही. म्हणून कुलूप अ‍ॅपला लावण्यात अर्थ नाही, ते पैशाला लावावं लागेल.

माझ्या मते हे असं करावं. तू आणि वहिनी मिळून एक संयुक्त खातं उघडा आणि फॉर्मवर व्यवहार ‘दोघांच्या सहीने’ असं लिहा. ‘दोघांपैकी कुणीही’ नको. अशा खात्याला सहसा एटीएम कार्ड आणि यूपीआय मिळत नाही, तुला तेच हवं आहे. पगाराच्या खात्यातून पगाराच्या दिवशीच ठरलेली रक्कम तिकडे जाईल, अशी स्थायी सूचना बँकेला लेखी दे. घराचा हप्ता, मुलांची फी, आईची औषधं तिथून जाऊ देत. पगाराच्या खात्यात पेट्रोल आणि चहापुरतं राहील. डेबिट आणि क्रेडिट कार्डावरचे ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करता येतात. रिझर्व्ह बँकेने ही सोय सगळ्या बँकांना द्यायला लावली आहे. ते बंद कर आणि कार्डं वहिनीकडे दे.

यूपीआय काढून टाकलंस तरी ते पाच मिनिटांत परत सुरू होतं, हे तुलाही ठाऊक आहे. पिन नव्याने बनवायला कार्डाचा तपशील लागतो, म्हणून कार्ड घरात पण तुझ्या हाताबाहेर हवं. आधारच्या ओटीपीनेही पिन बनतो, तिथे ही तटबंदी कच्ची आहे. म्हणूनच खात्यात मुळात पैसे नसणं हाच खरा बंदोबस्त. त्याहून मोठं भगदाड झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपांचं. ती सगळी काढ, आणि ज्या मित्रांकडून तू उसने घेतोस त्यांना स्वतः सांग की मला देऊ नका. जुनं देणं फेडायचं झालं तर वहिनी थेट देणेकऱ्याला देईल. तुझ्या हातात रोकड नको. हे ऐकायला अपमानास्पद वाटेल, पण तुला लहान समजून मी हे सांगत नाही.

आयडीवर अजून काही हजार पॉइंट अडकलेत, ते काढून मग बंद करतो, असं तू वहिनीला म्हणालास. ते सोडून दे. स्टेटमेंटमधली ती निरनिराळी नावं आठव. ही भाड्याने घेतलेली खाती असतात आणि तुझी जिंकलेली रक्कमही तशाच कुणाच्या तरी खात्यातून येते. त्या खात्यात सायबर फसवणुकीचे पैसे फिरलेले असले, तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक साखळीतली पुढची खातीही गोठवते. त्यात तुझं पगाराचं खातं सापडलं, तर दोन-चार हजारांपायी पूर्ण पगार अडकेल आणि कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागेल.

पहिले काही आठवडे झोप लागणार नाही, चिडचिड होईल, आणि मॅचच्या रात्री ‘फक्त बघतो’ असं मन म्हणेल. तेव्हा 14416 ला फोन कर. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत आणि चोवीस तास. मराठीत बोलता येतं. आत्महत्येचा विचार मनाला शिवून जरी गेला, तरी तोच नंबर आणि त्याच क्षणी वहिनीला हाक. कर्ज फिटतं, दादा.

रविवारी वहिनीसोबत बसून फॉर्म भर आणि सोमवारी दोघं बँकेत जा. शिक्का मारलेल्या अर्जाचा फोटो मला पाठव. रात्री कितीही वाजता फोन केलास तरी मी उचलेन; फक्त पैसे मागू नकोस, मी देणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
लीड्स