तुल्साचा वकील आणि नोझलवरची ठिणगी

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं तुल्सा हे एकेकाळी स्वतःला जगाची तेल राजधानी म्हणवून घेणारं शहर. पंप, भूमिगत टाक्या आणि नोझल बनवणाऱ्या, बसवणाऱ्या कंपन्यांची ‘पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट’ ही संघटना तिथलीच. रॉबर्ट रेन्क्स हे तिचे कार्यकारी अधिकारी आणि कायदेशीर सल्लागार होते. पेशाने वकील. पेट्रोल भरताना लागलेल्या, पण कारण न सापडलेल्या आगींच्या बातम्या एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांच्याकडे येऊ लागल्या, तेव्हा त्यांनी वकिलाला शोभेल असंच केलं: तर्क लढवत न बसता जबान्या गोळा करायला सुरुवात केली. गाडी कोणती, हवा कशी होती, माणूस त्या वेळी नेमकं काय करत होता, ज्योत पहिल्यांदा कुठे दिसली, असे साधे प्रश्न.

2010 पर्यंत त्यांच्या दप्तरी अशा 176 आगी जमा झाल्या होत्या. मोबाईलमुळे लागलेली आग त्यात एकही नव्हती.

आणि नेमक्या याच काळात मोबाईलने पंप पेटतो, ही समजूत जगभर पक्की होत गेली. तेलकंपनी ‘शेल’च्या नावाने एक इशारा ईमेलमधून फिरत होता. मोबाईल वाजला, वाफ पेटली आणि माणसं भाजली अशा तीन घटना त्यात तपशिलाने सांगितल्या होत्या. असा इशारा आपण दिलेलाच नाही, असा खुलासा शेलने केला. पण खुलाशाचे पाय नेहमीच अफवेपेक्षा आखूड असतात.

इंग्लंडच्या केंट विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ अ‍ॅडम बर्जेस यांनी 2007 साली या समजुतीचा माग काढणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या मांडणीत एक धागा 1988 सालच्या पायपर अल्फा दुर्घटनेपर्यंत जातो. उत्तर समुद्रातल्या त्या तेलफलाटावरच्या स्फोटांत 167 माणसं गेली आणि सगळ्या तेलउद्योगाची सुरक्षेकडे पाहण्याची नजरच बदलली. फलाटावरची कडक शिस्त पुढे रस्त्यावरच्या पंपालाही लागू झाली. मोबाईल तेव्हा नवा होता, त्याबद्दल ठाम माहिती नव्हती, म्हणून खबरदारीखातर मनाई आली. मनाई दिसली की लोकांना वाटतं, त्यामागे काही तरी घडलेलं असणारच. मग घडलेल्या गोष्टी रचल्या जातात.

मे 2004 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू पाल्ट्झ गावी पुरावा सापडल्यासारखं वाटलं. पेट्रोल भरत असलेल्या एका तरुणाचा फोन वाजला आणि त्याच क्षणी भडका उडाला. गावच्या अग्निशमन प्रमुखांनी आधी फोनलाच दोष दिला आणि बातमी जगभर गेली. अधिक चौकशी केल्यावर त्यांनी मत बदललं: ठिणगी फोनची नव्हे, बहुधा त्या माणसाच्या अंगावर साठलेल्या विजेची होती. हे दुसरं विधान पहिल्याइतकं कुठेच छापलं गेलं नाही.

रेन्क्स यांच्या जबान्यांत एक हालचाल पुन्हा पुन्हा दिसते. अमेरिकेत ग्राहक पेट्रोल स्वतः भरतो. तिथल्या नोझलच्या खटक्याला बहुतेक ठिकाणी एक अडकवणी असते. ती लावली की हात सोडला तरी पेट्रोल वाहत राहतं. थंडी आहे, टाकी भरायला दोन-तीन मिनिटं लागणार, म्हणून माणूस पुन्हा गाडीत जाऊन बसतो. खटका पडल्याचा आवाज आला की आसनावरून घसरत उतरतो, दार आतून ढकलून मागे येतो आणि नोझल धरायला हात पुढे करतो. ज्योत तिथे उठते. 176 पैकी जवळपास निम्म्या आगींच्या आधी माणूस असाच गाडीत जाऊन आला होता.

आसनाचं कापड आणि अंगावरचे कपडे एकमेकांवर घासले जातात, तेव्हा विद्युतभाराची वाटणी होते. एक भार आसनावर राहतो, त्याच्या उलटा माणसाबरोबर जातो. माणूस आसनापासून दूर होतो तसा त्याच्या अंगावरचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढत जातं. रबरी तळव्याचे बूट आणि कोरडी हवा असेल तर तो भार जमिनीत उतरू शकत नाही. हवेत दमटपणा असला की तो आपोआप झिरपून जातो, म्हणूनच रेन्क्स यांच्या नोंदींत थंड, कोरडे दिवस जास्त आहेत. नोझल मात्र वीजवाहक पाइपातून जमिनीला जोडलेलं असतं. एका बाजूला भारलेला हात, दुसऱ्या बाजूला जमिनीला जोडलेला धातू आणि मध्ये टाकीच्या तोंडाची वाफ.

आता हिशेब. कोरड्या हवेत माणसाच्या अंगावर दहा हजार व्होल्टचा दाब सहज तयार होतो. त्या दाबाला अंगात साठलेली ऊर्जा साधारण सात-आठ मिलीज्यूल भरते. पेट्रोलची वाफ आणि हवा योग्य प्रमाणात मिसळलेली असतील तर त्यांना पेटायला पाव मिलीज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. म्हणजे गरजेच्या सुमारे तीसपट माल हातात तयार असतो. गाडीतून उतरताना बोटाला बसणारा, आपण ‘करंट बसला’ म्हणून हसण्यावारी नेतो तो झटका तीन हजार व्होल्टच्या आसपासचा असतो. तोही या कामाला पुरून उरतो.

उपाय मात्र एका सेकंदाचा. नोझलला हात लावण्याआधी टाकीच्या तोंडापासून दूर, गाडीच्या धातूच्या भागाला उघड्या हाताने स्पर्श करायचा. ठिणगी पडायचीच असेल तर ती वाफ नसलेल्या जागी पडते. त्याहून सोपं म्हणजे भरणं चालू असताना गाडीत परत बसायचंच नाही.

मोबाईलच्या रेडिओलहरींतून अशी ठिणगी का पडत नाही, तर त्यांची शक्ती वॉट-दोन वॉटच्या पातळीची असते आणि ती चहूकडे पसरते. धातूच्या दोन टोकांमध्ये हवा फोडण्याइतका दाब त्यातून उभा राहत नाही. सदोष बॅटरीतून ठिणगी उडण्याची शक्यता कागदावर नाकारता येत नाही, पण ती गाडीतल्या कोणत्याही विजेच्या वस्तूला लागू आहे. फोनवर बोलणाऱ्या माणसाचं हातातल्या कामाकडे लक्ष नसतं, हा धोका मात्र खरा. तो सांगायला वाफेचा बागुलबुवा कशाला हवा?

रेन्क्स यांच्या कागदांतला सगळ्यात मोलाचा भाग आग लागल्यानंतरच्या क्षणांबद्दल आहे. टाकीच्या तोंडाशी ज्योत दिसली की माणूस प्रतिक्षिप्तपणे नोझल ओढून काढतो. खटका अजून दाबलेला किंवा अडकवलेला असतो, त्यामुळे जळतं पेट्रोल गाडीवर, जमिनीवर आणि स्वतःच्या कपड्यांवर उडतं. नोझल जागच्या जागी राहू दिलं तर ज्योत बहुधा तोंडाशीच, समईच्या वातीसारखी जळत राहते. टाकीच्या आत ती शिरत नाही, कारण तिथे वाफ फार दाट असते. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असलं तरच ते मिश्रण जळतं. म्हणून सूचना अशी: नोझलला हात लावू नका, गाडीतल्या माणसांना उतरवा, मागे सरका आणि पंपाच्या माणसाला हाक मारा. त्याने आपत्कालीन बटण दाबून पुरवठा तोडला की आगीचं खाद्य संपतं.

आपल्याकडे ही कथा अशीच घडत नाही. भारतात पेट्रोल पंपावरचा कर्मचारी भरतो. तो दिवसभर मोकळ्यावर उभा असतो, आसनावर घसरत नाही. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं नियंत्रण करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे. उन्हाळ्यातल्या नागपूरच्या कोरड्या हवेत अंगावर भार साठायला काहीच हरकत नाही. पण आपला मोठा धोका वेगळा आहे: सांडणं.

नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल वाहत असताना त्या छिद्रातून हवा ओढली जाते. टाकी भरत येऊन पेट्रोलने ते छिद्र झाकलं की हवा बंद होते, आतला पडदा खेचला जातो आणि खटका पडतो. मोटारीच्या टाकीला लांब नळी असते, तिथे ही युक्ती चोख चालते. मोटरसायकलची टाकी उथळ. नोझल वरच्यावर धरलेलं असतं, त्यामुळे छिद्र वेळेवर झाकलं जाईलच असं नाही आणि सगळी मदार कर्मचाऱ्याच्या नजरेवर राहते. त्यात ग्राहक ‘फुल कर, अजून थोडं बसेल’ म्हणतो, किंवा रक्कम गोल करायला वीस रुपयांचं पेट्रोल तोंडापर्यंत ओतलं जातं. वर आलेलं पेट्रोल टाकीवरून ओघळून थेट इंजिनावर उतरतं, आणि बहुतेक वेळा चालक अजून गाडीवरच बसलेला असतो. उतरून उभं राहायला सांगणारा कर्मचारी अनेकांना आगाऊ वाटतो. खरं तर त्या सगळ्या जागेत सर्वांत शहाणा माणूस तोच.

सांडल्यावर चूक होते ती पुढच्या दहा सेकंदांत. चालक टाकीचं झाकण लावतो आणि सेल्फ मारतो. गरम सायलेन्सरपेक्षा सुरू होणाऱ्या गाडीच्या विजेच्या जोडण्यांतली ठिणगी जास्त घातक, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते आणि ती वर उडून न जाता इंजिनाभोवती आणि जमिनीलगत रेंगाळते. प्रशिक्षित कर्मचारी अशा वेळी मशीन थांबवतो, चालकाला उतरवतो, मागच्या गाड्यांना इंजिन सुरू करू देत नाही, ओली गाडी न सुरू करता ढकलत बाजूला घेतो आणि जमिनीवरच्या पेट्रोलवर वाळू टाकतो. तांबड्या बादल्या त्यासाठीच टांगलेल्या असतात. काही पंपांवर त्यांत पानाच्या पिंका आणि चहाचे कप सापडतात, ही तपासणीत सहज टिपता येण्यासारखी गोष्ट. पाणी मारायचं नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि गटारातून वाफेसह दूर जातं, जिथे कुणी तरी निर्धास्तपणे विडी ओढत असतं.

गाडी पेटलीच तर ओढून दूर नेण्याचा मोह आवरावा लागतो. ढकलताना ती पडली की टाकीतलं पेट्रोल बाहेर येतं आणि हातभर आग अंगणभर होते. आधी पुरवठा तोडायचा, लोकांना मागे घ्यायचं, मग डीसीपीचं, म्हणजे कोरड्या रासायनिक भुकटीचं सिलिंडर घेऊन वाऱ्याकडे पाठ करून ज्वाळेच्या मुळाशी फवारा मारायचा. शेंड्यावर मारलेली भुकटी वाया जाते, आणि पंपावरचं नऊ किलोचं सिलिंडर काही सेकंदांतच रिकामं होतं. ही भुकटी आग विझवते पण धातू थंड करत नाही. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकत असेल तर विझलेली आग पुन्हा पेटते. म्हणून दुसरं सिलिंडर घेतलेला दुसरा माणूस तयार उभा हवा.

अंगावरच्या विजेच्या ठिणगीपेक्षाही मोठा खेळ टँकर रिकामा होताना असतो. पाइपातून वेगाने वाहणारं पेट्रोल स्वतःच भार निर्माण करतं. टँकरची टाकी आणि जमीन यांच्यात त्या भाराला वाट मिळावी म्हणून अर्थिंगची तार लागते. क्रमही ठरलेला आहे: इंजिन बंद, चाकांना अडण, मग अर्थिंगचा चिमटा, आणि त्यानंतरच पाइप. काम संपल्यावर आधी पाइप निघतो, चिमटा सगळ्यात शेवटी. चिमटा रंगावर किंवा गंजावर लावला तर तो दिसतो लावलेला, पण वीज वाहत नाही. तो उघड्या धातूला घट्ट लागला पाहिजे. टाकी भरल्यावर लगेच डिप रॉड आत सोडायचा नाही, भार निवळायला थोडा वेळ द्यायचा.

आज मशीनच्या खांबावर ‘मोबाईल वापरू नका’चा फलक असतो आणि त्याच खांबावर पैसे देण्याचा क्यूआर कोडही. डिसेंबर 2016 मध्ये, नोटबंदीनंतर, सरकारने पेट्रोलचे पैसे रोखीऐवजी डिजिटल मार्गाने देणाऱ्याला पाऊण टक्का सवलत जाहीर केली होती. आता ग्राहक फलकाखाली उभा राहून फोनने कोड स्कॅन करतो आणि कर्मचारी पैसे आल्याची घोषणा होण्याची वाट पाहतो. कर्मचाऱ्याची नजर त्या वेळी फोनच्या पडद्यावर असते, आणि पुढच्या मोटरसायकलच्या टाकीत नोझल आधीच ठेवलेलं असतं.