तेमाची भाकर : भाषांतराच्या सात रीती

येशायाहू नबीच्या एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी पाच लहान वचने आहेत. त्यांतली तेमा आणि देदान ही गावे आज सौदी अरेबियाच्या वायव्य भागात येतात. तेमा म्हणजे तिथले तैमा, आणि देदानचे अवशेष अल-उला गावाजवळ आहेत. मजकूर थोडक्यात असा: देदानचे तांडे वाट सोडून रानात मुक्काम करतात, कारण मागे लढाई आहे. तेमाचे लोक त्या तहानलेल्यांना पाणी आणि अन्न घेऊन सामोरे जातात. पुढे एका वर्षात केदार टोळीचे वैभव संपेल, असे नबी सांगतो.

भाषांतरकार हिब्रूचे मराठी करताना नक्की काय करतो, हे या पाच वचनांवरून चांगले समजते. १९५८ साली विने आणि दार्बेल्ने या दोन अभ्यासकांनी फ्रेंच व इंग्रजीची तुलना करून भाषांतराच्या सात रीती सांगितल्या. पहिल्या तीन सरळ, उरलेल्या चार वळणाच्या. सरळ रीतीने अर्थ बिघडत असेल किंवा भाषा अवघडत असेल, तरच वळण घ्यावे, असा त्यांचा क्रम आहे. आपण प्रत्येकीचे एकेक उदाहरण पाहू.

१. उसना शब्द. मूळ शब्द जसाच्या तसा घ्यायचा. ‘तेमा’, ‘देदान’ ही नावे आपण अशीच ठेवतो.

२. साचा उतरवणे. शब्द आपले, पण घडण परक्या भाषेची. ‘बेने केदार’चे ‘केदारचे पुत्र’ केले की हा प्रकार होतो. मराठी माणूस सहज बोलताना ‘केदारचे लोक’ म्हणेल. आपल्या समाजाचे नाव मात्र आपण उतरवले नाही. ‘इस्राएलचे पुत्र’ न म्हणता ‘बेने इस्राएल’ हेच ठेवले, म्हणजे पहिली रीत वापरली.

३. शब्दशः भाषांतर. ‘हेरेव नेतुशा’ म्हणजे ‘उपसलेली तलवार’. शब्दाला शब्द बसला आणि मराठीही सरळ राहिली. असे जमले तर पुढे जाण्याची गरज नाही.

४. शब्दाची जात बदलणे. ‘कोवेद मिल्हामा’ म्हणजे अक्षरशः ‘युद्धाचा जडपणा’. हे मराठीत अडखळते. म्हणून नामाचे विशेषण करून आपण ‘घनघोर युद्ध’ म्हणतो. अर्थ तोच राहतो, फक्त व्याकरण बदलते.

५. पाहण्याची बाजू बदलणे. ‘केशेत द्रुखा’ म्हणजे शब्दशः ‘तुडवलेले धनुष्य’, कारण धनुष्य पायाने दाबून वाकवीत. मराठीत तुडवलेले धनुष्य म्हणजे मोडलेले, असाच समज होईल. म्हणून ‘ताणलेले धनुष्य’. हिब्रू पायाकडे पाहते, मराठी दोरीकडे; वस्तू एकच.

६. तोडीस तोड प्रयोग. ‘कि-शने साखीर’ म्हणजे ‘मजुराच्या वर्षांप्रमाणे’. मजूर ठरल्या मुदतीपेक्षा एक दिवसही जास्त राबत नाही आणि मालक एक दिवसही सोडत नाही. मराठीत आपण ‘मोजून एक वर्ष’ म्हणू. मजूर गेला, पण नेमकेपणा राहिला.

७. आपल्याकडचे रूप देणे. तेमाचे लोक ‘लेहेम’ घेऊन गेले. त्याचे ‘भाकर’ केले की पाहुण्याला पाणी आणि भाकर देणारे गाव कोकणातल्या माणसाला लगेच दिसते. (गंमत अशी की अरबीत याच धातूचा ‘लहम’ म्हणजे मांस!)

ही सातवी रीत सर्वांत गोड वाटते आणि फसवतेही तीच. येशायाहूच्या वचनात ‘भाकर’ चालते, कारण तिथे मुद्दा आदरातिथ्याचा आहे. पण ब्राखांच्या नियमांत ‘लेहेम’साठी भाकर लिहिले तर घोटाळा होतो. ‘हामोत्सी’ची ब्राखा गहू, सातू अशा पाच धान्यांच्या भाकरीवर म्हणतात. तांदळाच्या भाकरीवर ती नाही, तिच्यासाठी ‘मेझोनोत’ची आहे. वाचणाऱ्याच्या ताटात तांदळाची भाकर असेल तर तो भलतीच ब्राखा म्हणेल. तिथे ‘लेहेम’ हा उसना शब्द ठेवून खाली खुलासा देणेच योग्य. म्हणून रीत निवडण्याआधी विचारावे, हा शब्द वाचून माणूस काय करणार आहे? नुसते चित्र पाहणार, की त्याप्रमाणे वागणार?

एका जागी मात्र सातही रीती थकतात. ‘अरव’ म्हणजे अरबस्तान आणि ‘एरेव’ म्हणजे संध्याकाळ. स्वरचिन्हांशिवाय दोन्ही सारखेच लिहिले जातात. आपल्या पोथीतले स्वर ‘अरव’ सांगतात, तर जुन्या ग्रीक भाषांतराने त्या रानात ‘संध्याकाळ’ वाचली. तांडा अरबस्तानात थांबला की संध्याकाळी? मराठीत दोन्ही अर्थ देणारा एक शब्द नाही. भाषांतरकाराने एक निवडावा आणि दुसरा तळटीपेत प्रामाणिकपणे सांगावा.