कंटाळलेला कोण आणि कंटाळवाणं काय?

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवार सांगतो, 'आय ॲम व्हेरी एक्सायटिंग टू जॉइन.' त्याला म्हणायचं असतं की इथे काम करायला मी फार उत्सुक आहे. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र पडतं की मी स्वतःच फार रोमांचक आहे. वर्गात 'आय ॲम बोअरिंग' म्हणणाऱ्या मुलीचंही तेच होतं. तिला कंटाळा आलेला असतो आणि ती सांगून बसते की मी कंटाळवाणी आहे. हे दुसरं वाक्य व्याकरणाने अगदी शुद्ध आहे, म्हणून संगणकही त्याखाली लाल रेघ ओढत नाही. चूक फक्त अर्थात आहे.

बोअर्ड-बोअरिंग, इंटरेस्टेड-इंटरेस्टिंग, टायर्ड-टायरिंग, कन्फ्यूज्ड-कन्फ्यूजिंग या जोड्यांत मराठी माणूस का अडखळतो, त्याचं पहिलं कारण शाळेतल्या काळाच्या धड्यात सापडतं. 'इंग' म्हणजे चालू असलेली क्रिया आणि 'एड' म्हणजे होऊन गेलेली, हे आपल्या मनात तिथे पक्कं बसतं. उकळतं पाणी आणि उकळलेलं पाणी यांत तो नियम नेमका लागूही पडतो: बॉइलिंग वॉटर, बॉइल्ड वॉटर. मग 'मला कंटाळा येतोय' यातला 'येतोय' ऐकला की मन आपोआप 'इंग' शोधतं. 'आय ॲम बोअर्ड' म्हटलं तर कालचा कंटाळा सांगितल्यासारखं वाटतं. पण या वाक्यात काळ दाखवण्याचं काम 'ॲम' करतं. कालचं सांगायचं तर 'वॉज' येईल, 'बोअर्ड' मात्र जागचं हलणार नाही.

दुसरं कारण जास्त खोल आहे. मराठीत भावना माणसाकडे चालत येते. मला कंटाळा येतो, मला आश्चर्य वाटतं, मला भीती वाटते. या वाक्यांत 'येतो' आणि 'वाटते' यांचे कर्ते कंटाळा आणि भीती हेच असतात, आणि ती कोणी निर्माण केली ते सांगायची गरज पडत नाही. इंग्रजीत ही क्रियापदं वेगळ्या घडणीची आहेत. तिथे व्याख्यान माणसाला बोअर करतं, बातमी माणसाला सरप्राइज करते, गणित माणसाला कन्फ्यूज करतं. म्हणजे 'बोअर'चा अर्थ कंटाळणे असा नसून कंटाळा आणणे असा आहे. 'टायर' म्हणजे थकवणे आणि 'फ्रायटन' म्हणजे घाबरवणे. (थकण्यासाठी 'टायर' इंग्रजीत कधीकधी वापरतात, पण या जोडीत त्याचा 'थकवणे' हाच अर्थ कामाला येतो.)

व्याकरणात आपण ज्याला प्रयोजक क्रियापद म्हणतो, ते इथे इंग्रजी शब्दात आधीच दडलेलं आहे. घाबरणे आणि घाबरवणे यांत जो 'व' येतो, तो लक्षात ठेवला की सगळं सुटतं. कारण धातुसाधित विशेषणांची अशीच जोडी मराठीतही आहे. घाबरवणारा तो फ्रायटनिंग, घाबरलेला तो फ्रायटन्ड. थकवणारा प्रवास टायरिंग, थकलेला प्रवासी टायर्ड. 'णारा' आला की 'इंग', 'लेला' आला की 'एड'. मात्र 'व' गळला की घात होतो. 'घाबरणारा मुलगा' यातही 'णारा' आहेच, पण तो मुलगा कोणाला घाबरवत नाही, स्वतःच घाबरतो. त्याला फ्रायटनिंग म्हटलं तर अर्थ पार उलटा होईल. म्हणून 'इंग' लावण्याआधी मराठीत 'वणारा' किंवा 'आणणारा' म्हणून पाहावं: थकवणारा, गोंधळवणारा, कंटाळा आणणारा.

समजा, एखाद्या मुलाने अजिंठ्याच्या सहलीवर इंग्रजीत निबंध लिहिला आणि त्यात चार वाक्यं अशी आली: द ट्रिप वॉज एक्सायटेड. वी वेअर टायरिंग. द केव्ह्ज वेअर अमेझ्ड. द गाइड वॉज इंटरेस्टेड. आता एकेक वाक्य कसाला लावू. सहलीने मुलांमध्ये उत्साह आणला, म्हणजे सहल आणणारी, तेव्हा एक्सायटिंग. चढण चढून मुलं थकली, त्यांनी कोणाला थकवलं नाही, तेव्हा टायर्ड. लेण्यांनी पाहणाऱ्यांना थक्क केलं, लेणी काही थक्क झाली नाहीत, तेव्हा अमेझिंग. चौथ्या वाक्याशी मात्र थांबावं लागतं. मुलाला सांगायचं होतं की गाइड छान माहिती देत होता, ऐकावंसं वाटत होतं. त्यासाठी इंटरेस्टिंग हवं. पण 'इंटरेस्टेड' हेही चुकीचं इंग्रजी नाही, त्याने गाइडला स्वतःला त्या विषयात रस होता एवढंच कळतं. शिक्षकाने मुलाला 'तुला काय म्हणायचं होतं?' असं विचारल्याशिवाय ही चूक सापडणारच नाही. माझ्या मते या जोड्या शिकवताना सर्वांत जास्त वेळ अशाच वाक्यांना द्यायला हवा.

शिकवण्यांमध्ये एक सोपा नियम सर्रास सांगितला जातो: माणसाला 'एड', वस्तूला 'इंग'. तो बऱ्याचदा चालतो, आणि म्हणूनच घातक आहे. तोच तो किस्सा दहादा ऐकवणारा माणूस माणूस असूनही बोअरिंग असतो. उलट काळजीने ओढलेला चेहरा वरीड फेस असतो आणि कंटाळलेला आवाज बोअर्ड व्हॉइस, कारण चेहरा आणि आवाज त्या माणसाचीच स्थिती दाखवत असतात. तेव्हा समोर माणूस आहे की वस्तू, याने काही ठरत नाही. भावना कोणी निर्माण केली आणि ती कोणाला झाली, यावरच सगळं ठरतं.

आपल्या रोजच्या बोलण्याने या घोटाळ्यात आणखी भर घातली आहे. 'लेक्चर बोअर होतं' आणि 'मी बोअर झालो' ही दोन्ही वाक्यं आपण सहज बोलतो. मराठीत आल्यावर या शब्दाने दोन्ही शेपट्या टाकून दिल्या आणि एकच 'बोअर' दोघांसाठी वापरात आला. 'कन्फ्यूज'चंही तेच झालं. मराठीत त्याने काही बिघडत नाही, 'होतं' आणि 'झालो' अर्थ सांभाळून घेतात. पण तोच माणूस इंग्रजीत शिरला की 'आय ॲम कन्फ्यूज' म्हणतो. त्यात 'एड'चा उच्चार कानाला जेमतेम लागतो. 'एक्सायटेड' आणि 'इंटरेस्टेड' यांत तो स्वतंत्र अक्षर म्हणून ऐकू येतो, कारण मूळ शब्द 'ट'ने संपतो. 'बोअर्ड', 'कन्फ्यूज्ड' यांत नुसता 'ड' उरतो आणि 'शॉक्ड'मध्ये तर तो 'ट'सारखा होतो. कानाने शिकणाऱ्याला तो निसटला यात नवल नाही. 'ट-ड'ने संपणारे आणि न संपणारे शब्द आलटूनपालटून मोठ्याने म्हणण्याचा सराव इथे उपयोगी पडतो.

'एड'वाल्या शब्दामागे कोणतं शब्दयोगी अव्यय येतं, ते मात्र प्रत्येक शब्दासोबतच पाठ करावं लागतं. इंटरेस्टेड इन, टायर्ड ऑफ, एक्सायटेड अबाउट. नोकरीच्या अर्जात 'आय ॲम इंटरेस्टेड इन धिस पोस्ट' असं लिहायचं. आणि सगळ्या शब्दांना अशी जोडी असतेच असंही नाही. 'इम्प्रेस्ड' माणसाच्या समोरची गोष्ट सहसा 'इम्प्रेसिंग' नसते, 'इम्प्रेसिव्ह' असते. 'स्केअर्ड'ला 'स्केअरी', 'स्ट्रेस्ड'ला 'स्ट्रेसफुल' आणि 'डिलायटेड'ला 'डिलाइटफुल' असे जोडीदार आहेत. 'लेला'ची बाजू इथेही 'एड'च सांभाळतो, बदलतो तो 'वणारा'च्या बाजूचा शब्द, आणि तो शब्दकोशात पाहून घ्यावा लागतो.