व्हिसाआधी तिकीट काढायलाच हवं का?

गैरसमज: पैसे भरलेलं तिकीट जोडल्याशिवाय शेंगेन व्हिसा मिळत नाही.

युरोपला निघालेल्या घरांत हे वाक्य इतक्या खात्रीने सांगितलं जातं की लोक अर्ज भरण्याआधीच लाखभर रुपये अडकवून बसतात. नियम तसा नाहीच. युरोपीय संघाच्या 2009 च्या व्हिसा संहितेत, अर्जदार परत जाणार आहे हे पटवणाऱ्या कागदपत्रांच्या यादीत परतीच्या तिकिटाचं 'आरक्षण' किंवा तिकीट, असे दोन्ही पर्याय दिले आहेत. अमेरिकेचं परराष्ट्र खातं तर व्हिसा हाती येईपर्यंत तिकीट काढू नका, असंच सांगतं. पैसे भरले म्हणून व्हिसा मिळण्याची शक्यता वाढत नाही.

पण म्हणून कुणाकडून तरी बनावट पीएनआर छापून घेणं हा उपाय नव्हे. कागदपत्रं खरी असल्याबद्दल शंका आली, तर तेवढ्यावरून अर्ज नाकारता येतो. आरक्षण खरं असायला हवं, आणि पैसे भरायचेच असतील तर परत मिळणारं तिकीट घ्यावं.

इथे हिशेब करा. समजा, मुंबई–पॅरिस जाण्यायेण्याचं स्वस्त तिकीट 55,000 रुपयांना आहे आणि रद्द केल्यावर फक्त 5,000 परत मिळतात. रिफंडेबल तिकीट 66,000 ला आहे आणि रद्द करण्याचा आकार 10,000 आहे. व्हिसा मिळाला तर तुम्ही 11,000 जास्त मोजलेत. नाकारला गेला, तर 50,000 ऐवजी 10,000 वर सुटलात. चौघांच्या कुटुंबात हा फरक 1,60,000 चा होतो.

गैरसमज: फ्लेक्सिबल म्हणजेच रिफंडेबल.

नाही! फ्लेक्सिबल तिकिटात सहसा तारीख बदलण्याचा दंड माफ असतो, पण नव्या तारखेचं भाडं जास्त असेल तर फरक भरावाच लागतो. शेंगेन व्हिसाचा निर्णय साधारण 15 दिवसांत होतो, पण तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. व्हिसा उशिरा आला तर हे तिकीट कामाचं; नाकारला तर पैसे परत मिळतीलच असं नाही. म्हणून पैसे भरण्याआधी 'फेअर रूल्स' उघडा आणि रद्द करण्याचा आकार व तारीख बदलण्याचा आकार वेगवेगळे वाचा. विमान सुटण्याआधी तिकीट रद्द केलं नाही तर 'नो-शो' होतो आणि त्याचे नियम अधिक कडक असतात.

आणखी काही गैरसमज:

'कर सगळे परत मिळतात.' करांच्या रकान्यात YQ किंवा YR दिसलं तर तो कंपनीचा स्वतःचा अधिभार असतो. नॉन-रिफंडेबल तिकिटात तो बहुधा बुडतो.

'व्हिसा नाकारला की एअरलाइन पैसे देते.' व्हिसा मिळवणं ही प्रवाशाची जबाबदारी. कंपनी तिकिटाच्या अटींप्रमाणेच वागते.

'प्रवास विमा भरून देईल.' पॉलिसीत व्हिसा-नकाराचं कलम लिहिलेलं असेल, तरच.