एल्डरबेरीचे सरबत आणि सुंठ-तुळशीचा काढा

सर्दी साधारण आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. त्यामुळे तिच्यावर काहीही घेतले तरी गुण आल्यासारखा वाटतो. औषध खरे लागू पडते का हे पाहायचे, तर काही लोकांना औषध आणि तितक्याच लोकांना हुबेहूब दिसणारी बनावट गोळी द्यावी लागते. कुणाला काय मिळाले, हे घेणाऱ्यालाही माहीत नसले पाहिजे.

युरोपातून आलेल्या एल्डरबेरी या जांभळ्या फळाची अशी परीक्षा 2016 साली ऑस्ट्रेलियातून परदेशी निघालेल्या 312 विमानप्रवाशांवर झाली. एल्डरबेरी घेणाऱ्यांपैकी 12 जणांना सर्दी झाली, बनावट गोळीवाल्यांपैकी 17 जणांना. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे सर्दी टळली असे म्हणता येत नाही. ज्यांना ती झाली, त्यांची मात्र एल्डरबेरीने सुमारे दोन दिवस आधी आटोपली. जाहिराती हेच दोन दिवस सांगतात, पण हा निष्कर्ष जेमतेम 29 आजारी माणसांवर उभा आहे हे सांगत नाहीत. पुढे 2020 साली अमेरिकेत फ्लूच्या 87 रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा काहीच फायदा दिसला नाही. फ्लू आणि सर्दी वेगळे आजार आहेत हे खरे, पण बाटलीवर दोन्हींची नावे असतात.

इचिनेशियाची गत याहून बरी नाही. 2014 साली 24 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा उपचार म्हणून तिचा ठोस उपयोग आढळला नाही. ही वनस्पती शेवंतीच्या कुळातली. त्या फुलांनी ज्यांना अ‍ॅलर्जी होते, त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

मग आपला काढा? तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी यांची सर्दीवर इतक्या मोठ्या प्रमाणावर पारख झालेलीच नाही. हळदीच्या दुधाचेही तेच. तरी काढ्याने बरे वाटते, आणि त्याचे थोडे श्रेय गरमपणाला आहे. कार्डिफमध्ये 2008 साली 30 जणांवरच्या चाचणीत एकच फळांचे पेय गरम आणि साधे असे देऊन पाहिले. नाकातून हवा जास्त खेळली नाही, पण गरम पेयाने घसा, खोकला आणि थंडी वाजणे यांत आराम पडला.

घरच्या डब्यांत मधाची बाजू सर्वांत भक्कम आहे. अमेरिकेतल्या 105 मुलांच्या चाचणीत झोपण्यापूर्वी दिलेल्या एका मात्रेने, काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा रात्रीचा खोकला कमी झाला. वर्षाखालच्या बाळाला मात्र मधाचे बोटही चाटवू नये; त्यातल्या जंतूंमुळे बॉट्युलिझम हा लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो.

घरगुती म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. 2020 च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या 6 जणांच्या यकृताला इजा झालेली आढळली. ती वनस्पती गुळवेलच होती का, अशी शंका आयुष मंत्रालयाने घेतली. पण गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या वेली असतात, आणि वाळलेल्या कांडीवरून त्या ओळखणे कुणालाही जड जाते.